एका कंपनीतले तीन रिक्रूटर आणि एकच अर्ज: टू, सीसी की बीसीसी?

शिरोलीकर | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात डिझाईनला आहे, चार वर्षं झाली, फिक्श्चर आणि कास्टिंगची ड्रॉइंग करतो. पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या इंजिनीअरिंग सेंटरला माझ्याच लायनीची जागा निघालीय आणि जेडी वाचला तर निम्म्याहून जास्त गोष्टी मी रोज करतोय अशा आहेत, त्यामुळे हा अर्ज मला नीट करायचाय.

झालंय असं की त्या एकाच जागेसाठी माझ्याकडे तीन जणांचे मेल आयडी जमलेत. पहिल्या मॅडम म्हणजे लिंक्डइनवर त्या जागेची पोस्ट ज्यांनी टाकली त्या. दुसरे सर बंगळुरूला असतात, नावापुढे टीए लीड लिहिलंय, त्यांचा आयडी कॉलेजच्या ग्रुपवर मिळाला. तिसऱ्या मॅडमचा मागच्या आठवड्यात मलाच फोन आलेला, नोकरीच्या साईटवर माझं प्रोफाईल बघून, त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर रेझ्युमे दिलाय आणि आता त्या म्हणतात मेलवर पण पाठवा.

तर तिघांना टूमध्ये घेऊन एकच मेल टाकू, का एकाला टू आणि बाकीचे सीसी, का सगळे बीसीसीत? का तीन वेगळे मेल? मित्र तीन जण तीन गोष्टी सांगतायत. मेल ड्राफ्टमध्ये पडलाय, उद्या सकाळी पाठवायचा विचार आहे.

सचिन_नगर | सोमवार, रात्री १०:१२

बीसीसी. डोळे झाकून बीसीसी. टूमध्ये स्वतःचाच आयडी टाकायचा आणि तिघं बीसीसीत, म्हणजे कुणालाच कळत नाही की अजून कुणाला पाठवलंय, प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच आलाय. मी असंच करतो, वीस वीस जणांना एका झटक्यात जातो.

आबा_सातारकर | सोमवार, रात्री १०:४०

मी जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं लिपिक होतो, आता निवृत्त. आमच्याकडे अर्ज करायचा तर वर 'प्रति' लिहून एकाच अधिकाऱ्याचं पदनाम, आणि खाली डाव्या बाजूला 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' म्हणून बाकीच्यांची नावं. अर्जदाराने पोच घ्यावी, आवक क्रमांक टिपून ठेवावा. तुमचा अर्ज कोणत्या विभागाकडे आहे ते लिहिलंत तर कुणाला प्रत द्यायची ते सांगू शकेन.

शिरोलीकर | सोमवार, रात्री १०:४८

आबा, हा सरकारी अर्ज नाही हो, प्रायव्हेट कंपनीत नोकरीसाठी मेल करायचाय.

आबा_सातारकर | सोमवार, रात्री ११:०५

बरं, माझी समजण्यात चूक झाली. पण मला फरक कळला नाही बाळा. ज्याने काम करायचं तो 'प्रति', ज्याला फक्त ठाऊक असावं तो 'प्रत'. दोन अधिकाऱ्यांना 'प्रति' लिहिलेला कागद आमच्याकडे दोन टेबलांच्या मधेच पडून राहायचा, कारण दोघांनाही वाटे दुसरा टिपणी टाकेल. म्हणून हे पाळायचो.

मेलवाला | सोमवार, रात्री ११:३०

आबांनी मुद्द्याचं सांगितलंय. मी कंपन्यांचे मेल सर्व्हर सांभाळतो त्यामुळे बीसीसीबद्दल थोडं.

सचिन, पत्ते लपतात हे तुझं बरोबर, समोरच्याला बाकीची नावं दिसत नाहीत. पण 'आपल्यालाच आलाय' असं वाटतं हे बरोबर नाही. आत्ताच घरच्या दोन अकाउंटवर करून बघितलं, तू म्हणतोस तसा मेल समोर पोचला की वरचा भाग असा दिसतो (पत्ते बदललेत):

```
From: arjdar@example.com
To: arjdar@example.com
Subject: Design Engineer
```

म्हणजे पाठवणारा आणि घेणारा एकच माणूस, आणि वाचणाऱ्याचं नाव कुठेच नाही. जीमेलमध्ये तर नावाखालचा बाण दाबला की सरळ `bcc: me` असं लिहून येतं. रोज शंभर मेल बघणाऱ्या माणसाला हे एका नजरेत कळतं, की हा घाऊक मेल आहे. त्यात काही जण आउटलुकमध्ये असा रूल लावून ठेवतात की टूमध्ये माझं नाव नसेल तर मेल वेगळ्या फोल्डरला टाक. तिथे गेलेला मेल कधी उघडला जाईल ते त्या माणसावर.

दुसरं, बीसीसीतल्या माणसाने रिप्लाय ऑल दाबलं तर त्याचं उत्तर टू आणि सीसीतल्या सगळ्यांना जातं. समजा शिरोलीकरने पहिल्या मॅडमना टूमध्ये आणि बंगळुरूच्या सरांना गुपचूप बीसीसीत ठेवलं, आणि सरांनी रिप्लाय ऑल करून 'प्लीज हे बघा' लिहिलं, तर मॅडमना त्याच क्षणी कळतं की आपल्या पाठीमागून साहेबांना पण पाठवलं होतं. बाकीचे बीसीसीवाले मात्र त्या उत्तरातून गळतात, पुढे काय झालं ते त्यांना कधीच कळत नाही.

बीसीसी कुठे योग्य तर जिथे लोक एकमेकांना ओळखत नाहीत आणि त्यांचे पत्ते एकमेकांना द्यायचा आपल्याला हक्क नाही. नोकरी बदलल्यावर पन्नास जुन्या ओळखीच्यांना नवा आयडी कळवायचाय, तिथे बीसीसीच. एकाच कंपनीत शेजारी बसणाऱ्या लोकांना लपवून काय मिळणार?

टीए_पुणे | मंगळवार, सकाळी ७:५५

शिरोलीकर, मेल अजून गेला नसेल तर थांबा. मी पुण्यात टॅलेंट अ‍ॅक्विझिशनमध्येच आहे, नऊ वर्षं. आत काय होतं ते सांगते, मग तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आमच्याकडे प्रत्येक ओपनिंगला सिस्टीममध्ये एक नंबर असतो आणि त्यापुढे एका रिक्रूटरचं नाव. जागा भरली की ती त्या रिक्रूटरच्या नावावर मोजली जाते. म्हणून दुसऱ्याच्या ओपनिंगला सहसा कुणी हात लावत नाही, आलेला रेझ्युमे तिच्याकडे ढकलतो, वेळ मिळाला तर. म्हणजे तुमचा खरा प्रश्न टू का सीसी हा नाहीच, हे ओपनिंग कुणाच्या नावावर आहे हा आहे.

मागच्या वर्षी एका मुलाने आमच्या टीममधल्या चौघींना टूमध्ये घेऊन मेल केला. आबांच्या दोन टेबलांसारखंच झालं, मला वाटलं ती बघेल, तिला वाटलं मी. आठ दिवसांनी स्टँडअपमध्ये विषय निघाला तेव्हा कळलं कुणीच अटॅचमेंट उघडली नव्हती, आणि तोवर दुसऱ्या दोघांचे राऊंड झाले होते. मुलगा चांगला होता हो, मला अजून वाईट वाटतं.

आणि उलटं पण बघितलंय. एकाने तोच अर्ज आम्हाला वेगवेगळा पाठवला, कुणाचा कुणाला पत्ता नाही. आम्ही दोघींनी एकाच दिवशी फोन केला. मला त्याने अपेक्षा ९ लाख आणि नोटीस ६० दिवस सांगितली, तिला १० लाख आणि 'तीस दिवसांत येतो'. सिस्टीम मेल आयडी आणि मोबाईल नंबरवरून माणूस ओळखते, त्यामुळे दोन्ही नोंदी एकाच प्रोफाईलखाली एकाखाली एक आल्या. डुप्लिकेट म्हणून कुणी त्याला नाकारलं नाही, पण मॅनेजरने पहिला प्रश्न हाच विचारला, यातलं खरं कुठलं?

आता एक विचारते. तुमच्या तिसऱ्या मॅडमच्या मेल आयडीत @ च्या पुढे काय आहे? पहिल्या दोघांचं जे आहे तेच का?

शिरोलीकर | मंगळवार, सकाळी ८:२०

ताई, आत्ता बघितलं. पहिल्या दोघांचं कंपनीचं नाव आहे. तिसऱ्या मॅडमचं वेगळंच आहे, शेवटी कन्सल्टिंग असं काहीतरी. फोनवर त्या 'आमच्याकडे ओपनिंग आहे' म्हणाल्या होत्या म्हणून मी कंपनीच्याच समजलो.

टीए_पुणे | मंगळवार, सकाळी ८:४५

तेच वाटलं मला. त्या कंपनीच्या रिक्रूटर नाहीत, कन्सल्टन्सीच्या आहेत. यात वाईट काही नाही, कंपन्या स्वतःच त्यांना काम देतात. पण तुमच्या मेलचं गणित इथे बदलतं.

कन्सल्टन्सीला उमेदवार जॉईन झाल्यावर फी मिळते, आपल्याकडे पुष्कळदा वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एक महिन्याचा पगार. तुमचं ६ लाखांवर ठरलं तर ५० हजारांच्या आसपास. ज्या कन्सल्टन्सीने तुमचा रेझ्युमे आधी दिला तिचा तुमच्यावर काही महिने हक्क राहतो असं करारात असतं, कुठे सहा महिने, कुठे वर्ष. आता तुम्ही थेटही अर्ज केला आणि तिकडूनही आला, तर आत प्रश्न उभा राहतो की हा उमेदवार कुणाचा, फी द्यायची की नाही. बऱ्याच ठिकाणी ज्याची नोंद आधीची त्याचा, असं बघतात. पण दोन उमेदवार बरोबरीचे असतील तर ज्याच्यावर वाद नाही तो पुढे जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि तिघांना एकाच मेलमध्ये सीसी केलं असतंत तर कन्सल्टन्सीच्या मॅडमना कंपनीच्या दोघांचे आयडी दिसले असते, आणि कंपनीला दिसलं असतं की तुम्ही दोन वाटांनी येताय.

आज त्या मॅडमना फक्त एवढं विचारा, मेलवर, फोनवर नको: माझं प्रोफाईल तुम्ही कंपनीला दिलंय का, कुठल्या जॉब आयडीला, कुठल्या तारखेला. उत्तर येईपर्यंत ड्राफ्ट तसाच राहू दे.

एडिसनची_मीरा | मंगळवार, सकाळी ९:३०

न्यू जर्सीहून लिहितेय. इकडे कॉन्ट्रॅक्टच्या कामांत हे फार कडक आहे. व्हेंडर तुम्हाला क्लायंटकडे पाठवायच्या आधी एक मेल करतो, त्याला सगळे आरटीआर म्हणतात, अमुक क्लायंटच्या अमुक कामासाठी मला पाठवायची परवानगी देते, आणि आपण त्यावर हो म्हणून उत्तर द्यायचं. एका कामासाठी दोघांना हो म्हटलं तर डबल सबमिशन, आणि कित्येक क्लायंट अशा वेळी दोन्हीकडचं नाव काढून टाकतात. माझ्या नवऱ्याचं असं झालंय, दोन व्हेंडरनी क्लायंटचं नाव न सांगता विचारलं आणि त्याने दोघांना हो म्हटलं, काम एकच निघालं. तेव्हापासून क्लायंटचं नाव आणि कामाचा नंबर लिहून आल्याशिवाय तो हो म्हणत नाही.

खराडी_बॉय | मंगळवार, सकाळी १०:१५

माझा पण सेम प्रश्न आहे म्हणून इथेच विचारतो. माझा रूममेट एका कंपनीत आहे, मी तिथल्या एचआरला मेल करताना त्याला सीसीत ठेवलं तर रेफरल धरतात ना?

टीए_पुणे | मंगळवार, सकाळी १०:४०

नाही धरत. रेफरल म्हणजे त्याने स्वतः त्यांच्या पोर्टलवर तुझा रेझ्युमे चढवायचा, आणि तोही तू अर्ज करायच्या आधी. तुझी नोंद आधीच झालेली असेल तर बऱ्याच कंपन्यांत त्याला बोनस मिळत नाही आणि तुझ्या नावापुढे रेफरलची खूण पण येत नाही. तो चढवेल, तुला पोर्टलवरून मेल येईल, मग एचआरला लिही की अमक्याने मला रेफर केलंय.

सचिन_नगर | मंगळवार, दुपारी १:०५

मेलवाला दादा, रिप्लाय ऑलचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद. पण एक सांगतो, मी मागच्या नोकरीच्या वेळी एकाच कंपनीत सात जणांना वेगवेगळा मेल टाकला होता, प्रत्येकाचं नाव घालून, आणि पाचव्याने फोन केला. बाकी सहा जणांनी उघडला पण नसेल. एकालाच पाठवून वाट बघत बसलो असतो तर अजून नगरलाच असतो. त्यामुळे एकालाच पाठवा हे मला पूर्ण पटत नाही.

चाकणचा_दत्ता | मंगळवार, दुपारी १:४०

सचिनशी सहमत. आमची दीडशे माणसांची कंपनी आहे, सिस्टीम वगैरे काही नाही, एचआरच्या एकाच माणसाकडे पगारापासून कँटीनपर्यंत सगळं. त्याच्याकडे गेलेला अर्ज तिथेच राहतो. आमच्याकडे जी दोन पोरं लागली त्यांनी प्लांट हेडला सीसी ठेवलं होतं, साहेबांनीच वाचून बोलावलं. छोट्या कंपनीत सीसी कामाला येतो बघा.

टीए_पुणे | मंगळवार, दुपारी २:३०

दत्ताभाऊ, छोट्या कंपनीबद्दल तुमचं मान्य, तिथे साहेबच मालक असतात त्या जागेचे. सचिन, सात जणांना पाठवायला माझी ना नाही, एकाच दिवशी पाठवायला आहे. ज्याच्या नावावर ओपनिंग आहे असं वाटतं त्याला आधी पाठव, पाच-सहा कामाचे दिवस जाऊ दे, मग दुसऱ्याला नवा मेल, आणि त्यात एक ओळ सरळ लिहून टाक की अमक्या तारखेला अमुक मॅडमना अर्ज पाठवला होता, त्या हे बघत नसतील तर कुणाला पाठवू तेवढं सांगाल का. याने कुणाला राग येत नाही, उलट मला असा मेल आला की मी लगेच फॉरवर्ड करते, कारण काय करायचं ते त्यात लिहिलेलं असतं.

मेलवाला | मंगळवार, दुपारी ३:१०

ताई, मी तर पहिला मेलच दुसऱ्याला फॉरवर्ड करायला सांगतो, खाली तारीख आपोआप दिसते.

टीए_पुणे | मंगळवार, दुपारी ३:२५

मला फॉरवर्ड आवडत नाही, रेझ्युमे कुठेतरी खाली जातो आणि वर 'पुन्हा आठवण' असा सूर लागतो. पण माझ्याच टीममधल्या दोघींना फॉरवर्ड बरा वाटतो, त्यामुळे यात माझंच खरं असं नाही म्हणत.

वैशाली_ठाणे | मंगळवार, सायंकाळी ६:२०

एक धोका कुणी लिहिला नाही. मी गेल्या वर्षी अर्ज करताना सीसीत रिक्रूटरच्या नावाची पहिली तीन अक्षरं टाइप केली, जीमेलने नाव सुचवलं, मी एंटर दाबलं. तो त्याच नावाचा माझा तेव्हाचा मॅनेजर होता. नोटीस द्यायच्या आधी त्याला माझा रेझ्युमे पोचला, पुढचे दोन महिने कसे गेले ते मलाच माहीत. जीमेलच्या सेटिंगमध्ये `Undo Send` असतं, ते ५ सेकंदांवरून ३० वर करून ठेवा, त्याहून जास्त मिळत नाही. आणि पत्ते सगळ्यात शेवटी भरा, आधी मजकूर, मग अटॅचमेंट, मग पत्ते, आणि सुचवलेल्या नावावर न जाता @ च्या पुढचं वाचा.

शिरोलीकर | बुधवार, रात्री ८:३५

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. कन्सल्टन्सीच्या मॅडमना काल मेल केला, आज दुपारी उत्तर आलं. त्यांनी माझं प्रोफाईल दिलंय, पण जो जॉब आयडी लिहिलाय तो लिंक्डइनवरच्या पोस्टमधला नाही. विचारलं तर म्हणाल्या तो टूल रूमचा आहे, जागा तिथलीच पण वेगळी. मग आता डिझाईनच्या जागेला थेट अर्ज करू शकतो का?

टीए_पुणे | बुधवार, रात्री ९:१०

करू शकता, पण लपवू नका. पोस्ट टाकणाऱ्या मॅडम टूमध्ये, एकट्याच. विषयात पदाचं नाव, पोस्टमधला जॉब आयडी आणि तुमचं नाव. पहिल्या परिच्छेदात दोन-तीन ओळींत तुम्ही काय करता आणि नोटीस किती, आणि शेवटी एक वाक्य: अमुक कन्सल्टन्सीने माझं प्रोफाईल अमुक जॉब आयडीसाठी अमुक तारखेला दिलंय, हा अर्ज त्यापेक्षा वेगळ्या जागेसाठी आहे. काही कंपन्यांत कन्सल्टन्सीचा हक्क उमेदवारावर असतो, एका जागेपुरता नाही, तुमच्या कंपनीत कसं आहे ते त्या मॅडमच बघतील. पण त्यांना ते तुमच्याकडून कळलं पाहिजे.

शिरोलीकर | बुधवार, रात्री ९:२५

आणि बंगळुरूच्या सरांना सीसी?

टीए_पुणे | बुधवार, रात्री ९:४०

सरांना का ठेवायचं याचं कारण एका वाक्यात लिहिता येतंय का बघा. 'सरांनी तुमच्याशी संपर्क करायला सांगितलं' असं खरंच झालं असतं तर जरूर सीसी, आणि तसं मेलमध्ये लिहायचं पण. तुम्हाला तर त्यांचा आयडी फक्त ग्रुपवर मिळालाय. मग पुढच्या बुधवारपर्यंत उत्तर नाही आलं तर त्यांना स्वतंत्र मेल.

आबा_सातारकर | बुधवार, रात्री १०:००

आमच्याकडे वरिष्ठांना विनाकारण प्रत गेली की खालचा अधिकारी समजायचा आपली तक्रार झाली. ताईंचं ऐक.

शिरोलीकर | शुक्रवार, सायंकाळी ७:१५

मेल गेला गुरुवारी सकाळी, ताईंनी सांगितलं तसाच. आज मॅडमचं उत्तर आलं, सोमवारी वीस मिनिटांचा फोन ठेवलाय, आणि सीसीत त्यांनी अजून एकाला घेतलंय, इंटरव्ह्यू कोऑर्डिनेटर म्हणून. कन्सल्टन्सीबद्दल त्यांनी लिहिलंय 'नोंद घेतली, आतून तपासून सांगते', एवढंच. मी 'सोमवार चालेल' असं लगेच उत्तर दिलं.

मेलवाला | शुक्रवार, सायंकाळी ७:३०

रिप्लाय दाबलंस का रिप्लाय ऑल?

शिरोलीकर | शुक्रवार, सायंकाळी ७:३४

रिप्लाय. सीसीतल्या माणसाला नाही गेलं का मग?

मेलवाला | शुक्रवार, सायंकाळी ७:४०

नाही गेलं. आणि स्लॉट तोच लावणार बहुतेक. मॅडमचा मूळ मेल उघड, रिप्लाय ऑल कर, दोघांची नावं दिसतायत ना बघ, आणि परत एक ओळ लिही की सोमवारी दिलेली वेळ चालेल, मोबाईल नंबर हा. आत्ताच कर, सोमवारची वाट बघू नको.

शिरोलीकर | शुक्रवार, सायंकाळी ७:५२

केलं. दोघांची नावं वर दिसली. कोऑर्डिनेटरचं लगेच कॅलेंडर इन्व्हाइट पण आलं.

खराडी_बॉय | शनिवार, सकाळी ११:०५

ताई, रूममेट म्हणतो पोर्टलवर माझा नंबर टाकला तर 'प्रोफाईल आधीच आहे' येतंय, दोन वर्षांपूर्वी कॅम्पसला मी तिथे टेस्ट दिली होती, तेव्हाचा मेल आयडी पण आता बंद आहे. आता रेफरल होणार का नाही?